एक मीटर, दोन चुली आणि मे महिन्याचे वीजबिल

अमळनेर, चोपडा, शहादा किंवा शिरपूरसारख्या गावांत नोकरीनिमित्त नव्याने येणाऱ्या माणसाला पहिले घर बहुधा कोणाच्या तरी माडीवर मिळते. खाली घरमालक, वर भाडेकरू आणि जिन्याखालच्या लाकडी फळीवर दोघांचा मिळून एकच मीटर, अशी ती रचना असते. थंडीच्या दिवसांत बिल कमी येते, त्यामुळे कोणी काही बोलत नाही. पण मे महिन्यात कूलर रात्रभर चालू लागले, की बिलाचा कागद हातात घेऊन दोन्ही घरे एकमेकांकडे पाहू लागतात. अशाच एका मे महिन्याचे बिल येथे शेवटच्या पैशापर्यंत मांडून दाखवले आहे. ही मांडणी एकदा स्वतःच्या हाताने केली, की कोणतेही घरगुती बिल तपासता येते.

खानदेशातील घरांना महावितरणची वीज मिळते आणि तिचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. उदाहरणासाठी आर्थिक वर्ष २०२४-२५ चा सिंगल फेज घरगुती तक्ता घेतला आहे. त्यात स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये, वहन आकार युनिटला १.१७ रुपये, आणि वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४.७१, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९, ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५ व त्यापुढे १६.६४ रुपये असा होता. त्यानंतर दर बदललेले आहेत, म्हणून प्रत्यक्ष तपासणी करताना आपल्या बिलावर छापलेला तक्ता समोर ठेवावा आणि आकडे त्यातूनच उचलावेत. आकडे बदलले तरी हिशेबाची रीत तीच राहते.

पहिली पायरी : युनिट

बिलावर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग असे दोन आकडे शेजारी असतात. आपल्या उदाहरणात चालू रीडिंग १८६९९ आणि मागील १८४३७ आहे, म्हणजे वापर २६२ युनिट. त्याच ओळीत ‘गुणक अवयव’ नावाचा आकडा असतो. साध्या घरगुती मीटरला तो १ असतो, त्यामुळे वजाबाकीचे उत्तर तसेच घ्यायचे.

बिलावरचा आकडा खरा आहे की नाही, हे जिन्याखाली जाऊनच कळते. डिजिटल मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, कमाल मागणी असे अनेक आकडे आळीपाळीने येत राहतात. आपल्याला हवा असतो तो ‘kWh’ ही अक्षरे सोबत असलेला आकडा, आणि त्यातील दशांश चिन्हानंतरचे अंक सोडून द्यायचे असतात. १८६९९.४ असा आकडा दिसल्यावर नवखा माणूस घाईत १८६९९४ असे लिहून घेतो आणि मग घाबरून जातो. शिवाय, आपण पाहिलेला आकडा बिलावरच्या आकड्याशी कधीच तंतोतंत जुळणार नाही, कारण रीडिंग घेतल्यानंतरही मीटर फिरतच असतो. आजचा आकडा बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा थोडा जास्त असावा, इतकेच पाहायचे. तो कमी भरला, तर मात्र रीडिंग चुकीचे घेतले गेले आहे हे निश्चित समजावे आणि मीटरचा फोटो लगेच काढून ठेवावा.

दुसरी पायरी : टप्पे

येथेच सर्वाधिक लोक चुकतात, म्हणून येथे थोडे थांबू. वीज आकाराचे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे असतात. २६२ युनिट वापरणारे घर दुसऱ्या टप्प्यात ‘गेले’ असे आपण सहज बोलतो, पण सगळीच्या सगळी २६२ युनिटे दुसऱ्या टप्प्याच्या दराने आकारली जात नाहीत. पहिली १०० युनिटे पहिल्याच दराने राहतात आणि फक्त वरची १६२ युनिटे दुसऱ्या दराने मोजली जातात.

पहिली १०० युनिटे गुणिले ४.७१ म्हणजे ४७१ रुपये. पुढची १६२ युनिटे गुणिले १०.२९ म्हणजे १,६६६.९८ रुपये. दोन्ही मिळून वीज आकार २,१३७.९८ रुपये होतो.

कोणी सगळ्या २६२ युनिटांना १०.२९ ने गुणले, तर उत्तर २,६९५.९८ येईल, म्हणजे ५५८ रुपये जास्त. हा ५५८ चा फरक कोठून आला हे पाहिले, की टप्प्यांची रचना नीट समजते. तो पहिल्या १०० युनिटांवर दर युनिटामागे ५.५८ रुपये जादा लावल्याचा फरक आहे. २६२ ऐवजी १४० किंवा २९० युनिटे असती, तरी ही चूक बरोबर ५५८ रुपयांचीच झाली असती. तेव्हा आपला हिशेब आणि बिल यांच्यात नेमका एवढाच फरक दिसला, तर दोष बहुधा आपल्याच मांडणीत असतो.

‘शंभराच्या वर एक जरी युनिट गेले तरी सगळे बिल महाग होते’ ही समजूत आमच्याकडे इतकी पक्की आहे, की महिनाअखेरीस ९६-९७ युनिटांवर आलेले घर दोन रात्री पंखा बंद करून झोपल्याचे मी पाहिले आहे. मे महिन्यातील खानदेशात पंख्याविना झोपणे म्हणजे काय, हे सांगायला नको. वास्तविक, १०१ वे युनिट महाग असते ते एकटेच. त्यामुळे आधीच्या शंभरांना काहीही होत नाही.

तिसरी पायरी : युनिटावर आणखी दोन आकार

वहन आकार म्हणजे वीज तारांतून घरापर्यंत आणून देण्याचा खर्च. त्याला टप्पे नसतात. २६२ गुणिले १.१७ म्हणजे ३०६.५४ रुपये.

इंधन समायोजन आकार मात्र दर महिन्याला बदलतो. वीज खरेदीचा प्रत्यक्ष खर्च आणि दर ठरवताना धरलेला खर्च यांतील तफावत त्यातून वसूल होते. तो कधी शून्यही असतो आणि टप्प्यानुसार वेगवेगळा लागतो. उदाहरणासाठी पहिल्या १०० युनिटांना २५ पैसे आणि पुढच्या टप्प्याला ४५ पैसे असा आकार धरू. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत. त्यानुसार २५ रुपये अधिक ७२.९० रुपये, म्हणजे ९७.९० रुपये होतात. मागच्या महिन्याइतकीच युनिटे असूनही या महिन्याचे बिल वेगळे आले, तर पहिली नजर या ओळीवर टाकावी.

चौथी पायरी : स्थिर आकार आणि वीज शुल्क

स्थिर आकार एकही युनिट न वापरता द्यावा लागतो. महिनाभर घर बंद असतानाही बिल का आले, या प्रश्नाचे उत्तर तेच. सिंगल फेज आणि थ्री फेज जोडणीचा स्थिर आकार वेगळा असतो आणि थ्री फेजचा बराच जास्त असतो, त्यामुळे घरमालकाने कधी काळी मोटरीसाठी थ्री फेज घेतली असेल, तर ते भाडेकरूने आधीच विचारून घ्यावे.

वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे आणि घरगुती ग्राहकांसाठी तो १६ टक्के आहे. महत्त्वाचे हे, की तो केवळ वीज आकारावर लागत नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार या चारही रकमांच्या बेरजेवर लागतो. पुष्कळ लोक २,१३७.९८ वरच १६ टक्के काढतात आणि मग बिलात ८५ रुपये कोणी घुसवले म्हणून शोधत बसतात. बिलावर ‘वीज विक्री कर’ अशी आणखी एक ओळ छापलेली असते. घरगुती बिलात ती रिकामी किंवा शून्य असते.

आता सगळे एका खाली एक मांडू.

```
स्थिर आकार                १२८.००
वीज आकार               २,१३७.९८
वहन आकार                ३०६.५४
इंधन समायोजन आकार          ९७.९०
बेरीज                  २,६७०.४२
वीज शुल्क १६ टक्के          ४२७.२७
चालू वीज देयक           ३,०९७.६९
```

प्रत्यक्ष भरायची रक्कम दहाच्या पटीत पूर्णांक केली जाते, म्हणून कागदावर ३,१०० रुपये दिसतील. वरचे दोन-तीन रुपये कोठेही जात नाहीत. पुढच्या बिलात ते थकबाकीच्या रकान्यात अधिक किंवा उणे होऊन येतात. त्यामुळे त्या रकान्यात दोन-चार रुपयांचा किरकोळ आकडा दिसला, तर आपण बिल भरायला चुकलो असे समजू नये. बिलावर तारखांप्रमाणे रकमाही वेगवेगळ्या असतात : लवकर भरल्यास थोडी कमी, मुदतीत भरल्यास मूळ, आणि मुदतीनंतर भरल्यास विलंब आकारासह. पडताळणीसाठी नेहमी मधली, म्हणजे मूळ रक्कम घ्यावी. उन्हाळ्याच्या सुमारास सुरक्षा ठेवीच्या फरकाचे वेगळे बिलही येते. ती ठेव असते, वापराचा खर्च नव्हे, आणि ती भाडेकरूच्या वाट्यात धरण्याचे कारण नाही.

माडीवरच्या माणसाने किती द्यायचे

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. या घरात वरच्या मजल्यासाठी सबमीटर बसवलेला आहे आणि त्यावर महिन्याची ११२ युनिटे निघाली. म्हणजे खालच्या घराची १५० उरली. बिल ३,०९७.६९ रुपयांचे आहे. वाटणीच्या तीन रीती मी ऐकल्या आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात.

पहिली रीत सरासरीची. एकूण रक्कम भागिले २६२ म्हणजे युनिटाला सुमारे ११ रुपये ८२ पैसे. या दराने वरच्या घराचे १,३२४ रुपये होतात. ही रीत तोंडी हिशेबाला सोपी आहे, म्हणून सगळीकडे तीच चालते.

दुसरी रीत काही घरमालक लावतात. ‘आमची शंभर तर होतातच, तुम्ही आलात म्हणून वरच्या टप्प्यात गेलो,’ असे म्हणून ते भाडेकरूची सगळी ११२ युनिटे दुसऱ्या टप्प्यात टाकतात. दुसऱ्या टप्प्यातील एक युनिट सर्व आकारांसह किती पडते, तर १०.२९ अधिक १.१७ अधिक ०.४५ म्हणजे ११.९१, आणि त्यावर १६ टक्के शुल्क धरून १३ रुपये ८२ पैसे. या हिशेबाने भाडेकरूचे १,५४७ रुपये होतात. ही मांडणी मला मान्य नाही, कारण स्वस्त १०० युनिटांवर खालच्या घराचा हक्क आधी आणि वरच्याचा नंतर, असा नियम कोठेही नाही. भाडेकरूने उलटे म्हटले, की पहिली शंभर माझी आणि पुढची तुमची, तर घरमालकाकडे त्याला उत्तर नसते.

तिसरी रीत मला रास्त वाटते. स्वस्त १०० युनिटे आणि स्थिर आकार दोन्ही घरांत निम्मे-निम्मे वाटायचे. वरच्या घराला पहिल्या टप्प्याची ५० आणि दुसऱ्याची ६२ युनिटे येतात. वीज आकार ८७३.४८, वहन १३१.०४, स्थिर ६४, इंधन समायोजन ४०.४०, बेरीज १,१०८.९२ आणि शुल्कासह १,२८६.३५ रुपये. खालच्या घराला ५० आणि १०० युनिटे येऊन त्याचे १,८११.३४ रुपये होतात. दोन्हींची बेरीज बिलाशी पैशापर्यंत जुळते. या रीतीचा फायदा कमी वापरणाऱ्या घराला होतो आणि मला तो योग्य वाटतो, कारण टप्प्यांची मूळ कल्पनाच कमी वापरणाऱ्याला स्वस्त वीज देण्याची आहे. मात्र हे राहायला येण्यापूर्वीच ठरवावे. मे महिन्यात ठरवायला बसले, की प्रत्येकाला आपली सोयीची रीतच न्याय्य वाटते.

एक गोष्ट दोघांनीही लक्षात घ्यावी. याच घरात दोन स्वतंत्र मीटर असते, तर त्याच दरांनी वरच्या घराचे बिल १,०२५.३५ आणि खालच्याचे १,५५०.३४ रुपये, म्हणजे एकूण २,५७५.६९ रुपये झाले असते. एका मीटरमुळे दोघे मिळून ५२२ रुपये जास्त भरत आहेत, कारण दोन चुलींना मिळून स्वस्त युनिटांचा एकच शंभराचा वाटा मिळतो. दुसऱ्या मीटरचा १२८ रुपयांचा स्थिर आकार धरूनही हा फरक उरतो. हिवाळ्यात दोन्ही घरांची मिळून ९० युनिटे झाली, तर मात्र उलट होते : स्वस्त टप्पा दोघांना पुरून उरतो आणि दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार उगीचच पडला असता.

सबमीटरच्या वाटणीत आणखी एक खोच असते. पाण्याची मोटर कोणाच्या बाजूला जोडलेली आहे? १ एचपीची मोटर रोज तासभर चालली, तर महिन्याला साधारण पंचवीस-तीस युनिटे खाते. उन्हाळ्यात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि टाकी भरायला मोटर जास्त वेळ चालते. पाणी दोघांचे आणि मोटर एकाच्या मीटरवर, असे असेल, तर ती युनिटे आधी बाजूला काढून निम्मी करावीत. जिन्यातला दिवा इतका थोडा असतो, की त्यावरून वाद घालू नये.

कूलर किती खातो

बचतीचा हिशेबही सरासरी दराने करू नये. पंखा आणि पंप मिळून १८० वॅटचा कूलर रोज १२ तास चालला, तर तीस दिवसांत ६४.८ युनिटे होतात. ही युनिटे घराच्या इतर वापरावर चढलेली असल्याने ती दुसऱ्या टप्प्यात पडतात आणि १३.८२ च्या दराने त्यांची किंमत सुमारे ८९५ रुपये होते. घराचा एकूण वापर आधीच ३०० च्या पुढे असेल, तर हाच कूलर तिसऱ्या टप्प्यात जातो. तेथे इंधन समायोजन शून्य धरले तरी एक युनिट १८ रुपये २४ पैशांना पडते. ‘टीओडी’ प्रकारचा, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा स्मार्ट मीटर बसलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळते, आणि ती बिलात वजा रकमेच्या स्वतंत्र ओळीत पाहायला मिळते.

दोन महिन्यांचे रीडिंग एकदम आले तर

वरची सगळी मांडणी एका महिन्याच्या वापरासाठी आहे. लग्नसराईत घराला कुलूप असल्याने रीडिंग घेता आले नाही, तर त्या महिन्याचे बिल सरासरीने येते आणि पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांची युनिटे एकत्र दिसतात. माझ्या घरी एकदा असे झाले. एप्रिलला सरासरी १२० युनिटांचे बिल आले आणि मे महिन्यात प्रत्यक्ष रीडिंगने दोन महिन्यांची मिळून ३८२ युनिटे निघाली. ती सगळी एकाच महिन्यात खर्ची पडल्याप्रमाणे आकारली गेली होती : पहिल्या दराने १००, दुसऱ्याने २०० आणि तिसऱ्याने ८२. वजावट लावण्यापूर्वीचा वीज आकार, येथील दर धरले तर, ३,७२२.१० रुपये होतो.

योग्य रीत अशी, की कालावधी दोन महिन्यांचा असेल तेव्हा प्रत्येक टप्पाही दुप्पट धरायचा. म्हणजे पहिल्या दराने २०० युनिटे आणि उरलेली १८२ दुसऱ्या दराने. ९४२ अधिक १,८७२.७८, एकूण २,८१४.७८ रुपये. फरक ९०७.३२ रुपयांचा, आणि त्यावरचे वीज शुल्क धरल्यास १,०५२ रुपयांच्या वर जातो. २०२० च्या टाळेबंदीनंतर जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंगची मोठी बिले आली, तेव्हाही युनिटे महिन्यांत विभागूनच टप्पे लावायचे होते. याशिवाय एप्रिलच्या १२० युनिटांचा आधीच आकारलेला वीज आकार, म्हणजे ६७६.८० रुपये, आणि त्या युनिटांवरचे इतर आकार व शुल्क नव्या बिलातून वजा झालेले दिसायला हवेत. स्थिर आकार मात्र दोन्ही महिन्यांचा द्यावाच लागतो.

हे ओळखायची खूण सोपी आहे. बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा असतात. त्यांच्यात साठ दिवसांचे अंतर असताना पहिल्या दराने १०० च युनिटे आकारलेली दिसली, तर तक्रार करावी. मी साध्या कागदावर दोन रकाने आखले होते, एकात बिलाप्रमाणे आणि दुसऱ्यात दुप्पट टप्प्यांप्रमाणे, आणि सोबत दोन्ही बिलांच्या झेरॉक्स व मीटरचा फोटो जोडला होता. खिडकीवरच्या बाईंनी तोंडी तक्रार ऐकून ‘युनिट बरोबर आहेत’ एवढेच सांगितले होते, आणि युनिटे खरोखरच बरोबर होती; दोन रकान्यांचा कागद पाहिल्यावर मात्र त्यांनी टप्प्यांच्या ओळीवर बोट ठेवले आणि अर्जावर आवक क्रमांक घालून पोच दिली. पुढच्या महिन्याच्या बिलात वजा रक्कम आली.